ते गाणं कुठल्या नाटकातलं?

वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत रस्त्यातले खड्डे, पाणीकपात आणि निवडणुका यांच्या खाली अधूनमधून एक वेगळंच पत्र असायचं. त्यात तक्रार नसे, मागणी असे, आणि तीही सरकारकडे नव्हे, बाकीच्या वाचकांकडे. लहानपणी पाहिलेल्या नाटकातलं एक गाणं आठवतंय, पण कुठलं ते कळत नाही, कोणी सांगेल का? अशा पत्रांत नेहमी सापडणारे तपशील एकत्र करून एक नमुन्याचं पत्र इथे मांडतो. ते १९९०च्या दशकातलं आहे असं धरा.

‘संपादक महोदय, स. न. वि. वि. साधारण १९६४ सालची गोष्ट. मी नववीत होते. दादरच्या शिवाजी मंदिरात मामांनी आम्हा भावंडांना एक संगीत नाटक दाखवलं. नाव आठवत नाही. त्यात दोन गवई होते, एक पंडित आणि एक उस्ताद, आणि त्यांच्यात चुरस होती. त्यातलं एक संथ गाणं माझ्या कानात बसलं आहे. भुंग्यावर होतं की कमळावर, ते नक्की सांगता येत नाही. “मंद” असा काहीतरी शब्द होता. नाटकाहून परतताना बायका कोयनेच्या भूकंपाचं बोलत होत्या, आणि आजी म्हणाली, आता मुंबईसुद्धा हलायची. मी दुकानांत विचारलं, तर त्यांनी एक रेकॉर्ड लावून दाखवली. पण ते गाणं फारच जलद आहे. ते हे नव्हे. माझं गाणं कोणतं?’

नाट्यसंगीताचा नाद असलेला वाचक इथवर येऊन हसला असेल. नाटकाचं नाव त्याला तिसऱ्या ओळीतच कळलं असणार. पण बाईंनी नाटकाचं नाव विचारलेलं नाही. त्यांना गाणं हवं आहे, आणि जे गाणं दाखवलं गेलं ते आपलं नाही असं त्या ठामपणे सांगताहेत. नाटक ओळखून पत्र निकालात काढणाऱ्याने अर्धाच प्रश्न वाचला, असं म्हणावं लागेल.

आधी सालाचं बघू. अशा पत्रांत साल हा सर्वांत कच्चा धागा असतो. माणूस आकडा सांगतो तो अंदाजाने, आणि एकदा सांगितला की त्यालाच चिकटून बसतो. इथे बाईंनी १९६४ म्हटलं आहे आणि शिवाजी मंदिरही म्हटलं आहे. पण दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह सुरू झालं १९६५ मध्ये. म्हणजे साल चुकलं किंवा नाट्यगृह चुकलं. दोन्हींत निवड करायची तर मी नाट्यगृहाच्या बाजूने उभा राहीन. आपण कुठल्या जिन्याने चढलो, बटाटेवडा कुठे खाल्ला, शेवटची लोकल पकडायला कुठून पळालो, हे अंगाला आठवतं. साल हे नंतर डोक्याने बसवलेलं असतं.

नाट्यगृहांच्या तारखांचा असा वापर पुण्यातही करता येतो. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्‌घाटन २६ जून १९६८ला झालं. त्याआधीचं नाटक ‘बालगंधर्वला पाहिलं’ असं कोणी सांगू लागला, तर त्याच्या आठवणीत दोन संध्याकाळी एकमेकींत मिसळल्या आहेत असं समजावं. ठाण्याच्या गडकरी रंगायतनचं वय तर आणखी कमी, ते सत्तरच्या दशकाच्या अखेरचं. पुण्यातल्या जुन्या माणसांकडे याहून सोपी मोजपट्टी असते. ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ एवढाच प्रश्न विचारायचा. १२ जुलै १९६१च्या सकाळी धरण फुटलं आणि शहराच्या आठवणींचे दोन भाग झाले. मुंबईत युद्धाच्या काळातल्या काळोख्या रात्री, १९६५ आणि १९७१, हेच काम करतात. तिकीट आण्यात काढलं की नव्या पैशात, हाही उपयोगी प्रश्न आहे, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७पासून आली.

आपल्या पत्रात असा खुंटा आहे, आणि तो बाईंनी जाता जाता ठोकला आहे. कोयनेचा मोठा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता. बायका नाटकाहून परततानाही तेच बोलत होत्या, म्हणजे गोष्ट ताजी होती, फार तर काही आठवड्यांपूर्वीची. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला २४ डिसेंबर १९६७ला. भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत. म्हणजे बाईंनी पाहिला तो सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक, १९६७ सरता सरता किंवा १९६८ उजाडल्यावर. १९६४ हा आकडा आता निमूटपणे खोडता येतो, आणि ते खोडण्याचं बळ आजीच्या एका वाक्यातून आलं आहे.

म्हणून अशा पत्रांत ‘अनावश्यक’ वाटणारे तपशील कापू नयेत. संपादकाची कात्री नेमकी आजीवरच चालते. जागा कमी असते हे खरं, पण कापायचंच तर ‘आपल्या लोकप्रिय दैनिकाचा मी नियमित वाचक आहे’ हे आधी कापावं.

आता नाटक. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचं, प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणलेलं. विश्रामपूर संस्थानात राजगायक होणाऱ्याला एक कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यातली ही चुरस. खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे होते, आणि त्यांच्या गळ्याने हे नाटक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेलं. दुकानदाराने लावलेली रेकॉर्ड त्यांचीच असणार. कारण भुंग्यावरचं, मधाच्या शोधावरचं ते पद म्हणजे ‘घेई छंद’, आणि ते बहुतेकांच्या कानात आहे ते वसंतरावांच्या आवाजात, धानी रागात, उसळत्या लयीत.

मग बाईंचं संथ गाणं कुठून आलं? ते आठवणीने धीमं केलं, असं म्हणून मोकळं होता येईल. तसं होतंही. लहानपणी ऐकलेलं गाणं मनात घोळवता घोळवता मंदावतं. पण इथे कारण वेगळं आहे. ‘घेई छंद’ला या नाटकात दोन चाली आहेत. शब्द तेच, पण एक चाल धानीतली आणि दुसरी सालगवराळी या मैफलीत क्वचितच ऐकू येणाऱ्या रागातली, ठाय, शब्दाशब्दावर थांबत जाणारी. हा केवळ संगीतकाराचा विलास नव्हे. नाटकाचा विषयच मुळी दोन घराण्यांच्या गायकीचा आहे, आणि एकच पद दोन गायकींतून कसं वेगळं होतं हे प्रेक्षकाला समजावून न सांगता ऐकवायचं, ही अभिषेकींची युक्ती. पंडितांच्या गायकीचं ‘घेई छंद’ संथ आणि खाँसाहेबांचं चपळ. बाईंचं गाणं हे पहिलं. दुकानदाराने दाखवलं ते दुसरं. दोघंही बरोबर होते, आणि दुकानदाराने आणखी दहा वेळा तीच रेकॉर्ड लावली असती तरी बाईंनी मान हलवली नसती.

‘मंद’ या शब्दाचा उलगडाही इथेच होतो. पदात ‘मकरंद’ आहे. संथ चालीत शेवटचा भाग लांबवला जातो, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या कानाने त्या लांबलेल्या स्वरातून स्वतःला ठाऊक असलेला शब्द उचलला. नाट्यपदं ऐकताना असं फार होतं. तानेच्या मध्ये शब्द फाटतो, त्याचे तुकडे दूर जाऊन पडतात आणि ऐकणारा ते आपल्या परीने जोडून घेतो. त्यात जुन्या पदांची भाषा संस्कृताळलेली. म्हणून पत्रात दिलेला शब्द हा अर्थासाठी वापरू नये, नादासाठी वापरावा. ‘मंद’ म्हणजे ‘अंद’ असा शेवट असलेला काहीतरी शब्द, एवढंच त्यातून घ्यायचं. गीतसंग्रहाच्या अकारविल्हे सूचीत ‘मंद’ शोधणारा हरला. सूची पहिल्या ओळीची असते, आणि कानाला चिकटते ती बहुधा भलतीच ओळ.

इथे एक मूळची अडचण आहे. वर्तमानपत्राला गुणगुणता येत नाही. जी एकच गोष्ट पत्रलेखकाला पक्की ठाऊक असते, ती चाल, नेमकी तीच कागदावर उतरत नाही. स्वरलिपी लिहिता येणारा माणूस असं पत्र लिहीतच नाही, तो कुणा बुवांना गाऊन दाखवतो. मग बाकीच्यांनी काय करावं?

याचं उत्तर मराठी रंगभूमीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधून ठेवलं आहे. ३१ ऑक्टोबर १८८०ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग केला आणि पाठोपाठ १८८२मध्ये ‘सौभद्र’ आणलं. या नाटकांची छापील पुस्तकं उघडली तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ लिहिलेली दिसते. अमक्या लावणीची चाल, तमक्या कानडी पदाची चाल. जिथे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे ठरीव प्रकार असत तिथे नुसतं प्रकाराचं नाव पुरे होई. वाचकाला ते मूळ गाणं येत असे, म्हणून नवे शब्द त्या चालीवर बसवून त्याला घरबसल्या पद म्हणता येई. गावोगावच्या हौशी मंडळ्यांनी ही नाटकं उभी केली ती बऱ्याच अंशी या एका ओळीच्या जोरावर.

पत्रलेखकाने नेमकं हेच करावं. ‘सुंदर चाल होती’ असं लिहून कुणाला काही कळत नाही. ‘सुरुवातीची ओळ अमक्या आरतीसारखी चढत जाते’, ‘लय लावणीची होती’, ‘पाळण्यासारखं हेलकावे खात होतं’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी हलतं. बरोबर असायचीही गरज नाही. चुकीची आरती सांगितली तरी लय आणि चढउतार पोचतात. किर्लोस्करांच्या पद्धतीत एक धोका मात्र आहे, आणि तो त्यांच्या पुस्तकांतच दिसतो. आज त्यांची पदं गायली जातात, पण ज्या लावण्यांच्या आणि कानडी पदांच्या चालीवर ती बसवली त्यांतली कितीतरी आपण विसरलो आहोत. ‘चाल—’च्या पुढे जे लिहिलं आहे ते वाचून आता काहीच ऐकू येत नाही. तेव्हा उपमेसाठी गाणं निवडताना आपल्या पिढीबाहेरच्यालाही येईल असं निवडावं. आरत्या याला सर्वांत भरवशाच्या.

चालीनंतर दुसरा भरवशाचा धागा म्हणजे गाण्याभोवतीचा प्रसंग. कोण गात होतं, बसून की उभं, रंगमंचावर आणखी कोण होतं, गाणं संपल्यावर काय झालं. ‘नायिका गात असताना मागे नौका होती’ एवढ्यावरून ‘मत्स्यगंधा’पर्यंत पोचता येतं. गाणं ऐकायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी जे टिपलं, ते कानाने टिपलेल्या शब्दांपेक्षा कमी बिघडतं, असं माझं मत आहे. बाईंना शब्द आठवला नाही, पण दोन गवयांची चुरस आठवली. त्यावरच सगळं उभं राहिलं.

अशा पत्रावर उत्तरं मात्र भरपूर येतात, आणि त्यातली बरीचशी निरुपयोगी असतात. मराठी माणसाला नाट्यगीताबद्दल विचारलं की तो उत्तर देत नाही, आपली आवड सांगतो. भुंगा आणि कमळ असलेली आपल्याला येणारी सगळी पदं तो लिहून पाठवतो. कोणी छोटा गंधर्वांची आठवण सांगतो, कोणी ‘आता तसं गाणं राहिलं नाही’ म्हणून सुस्कारा टाकतो. एखादा तर पत्रलेखिकेचीच चूक काढतो: शिवाजी मंदिर तेव्हा नव्हतंच! (आणि तो बरोबर असतो, हे वर पाहिलं. पण तेवढं सांगून तो थांबतो.)

उपयोगी उत्तर ओळखायची खूण अशी की त्यात पत्रात नसलेला, पण पत्राशी जुळणारा एखादा तपशील असतो. ‘ते पद नाटकात दोन चालींत आहे, तुमची दुसरी असावी’ हे वाक्य लिहिणाऱ्याला बाईंच्या ‘ते हे नव्हे’ या तक्रारीचं कारण सापडलं आहे. निव्वळ ‘हे कट्यारमधलं घेई छंद’ असं लिहिणाऱ्याला ते सापडलेलं नाही. उत्तर पूर्ण व्हायला पत्रातल्या सगळ्या ठाम गोष्टी त्यात बसाव्या लागतात, आणि ज्या बसत नाहीत त्या का बसत नाहीत हेही सांगता यावं लागतं. १९६४ बसत नाही, कारण नाट्यगृह आणि भूकंप दोन्ही त्याविरुद्ध आहेत. लय बसत नाही, कारण चाली दोन आहेत. शब्द बसत नाही, कारण तो ‘मकरंद’चा तुकडा आहे. आता काही उरलं नाही.

पुरावा म्हणून काय धरावं? छापील नाटक हा चांगला पुरावा, पण त्यात पदं असतात, चाली नसतात. साठच्या दशकातल्या नाटकांच्या पुस्तकांत तर ‘चाल’ लिहायची प्रथाही फारशी उरली नव्हती, कारण संगीतकार आता स्वतंत्र चाली बांधत होते. प्रयोगाची जाहिरात तारीख आणि नाट्यगृह पक्कं करते. मराठी दैनिकांत नाटकांच्या जाहिराती पानभर असायच्या, आणि त्यांत प्रयोगाचा वार, वेळ, कलाकार सारं दिलेलं असे. ग्रंथसंग्रहालयांत जुन्या दैनिकांच्या बांधलेल्या फायली पाहायला मिळतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आणि मुंबईचं १८९८चं, अशा संस्थांचा इथे उपयोग. सालाचा अंदाज दोनचार महिन्यांत आणला नसेल, तर मात्र त्या फायलींत शिरू नये. माणूस गाणं विसरून जाहिराती वाचत बसतो, आणि संध्याकाळी ग्रंथपाल दिवे घालवतो.

रेकॉर्डच्या लेबलवर नाटकाचं नाव असतं, त्यामुळे तो पुरावा सर्वांत सोपा वाटतो. तोच सर्वांत फसवाही आहे. जुनी ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं वाजायची. रंगमंचावर जे पद ‘वन्समोअर’ घेत घेत पंधरा-वीस मिनिटं चालायचं, ते या तीन मिनिटांत कोंबलेलं असे. अंतरा गाळलेला, लय चढवलेली. ज्याने प्रयोगात ऐकलं त्याला रेकॉर्ड घाईघाईची वाटते यात नवल नाही. दुसरं म्हणजे, रेकॉर्डवर गाणारा आणि रंगमंचावर गाणारा एकच असेल याची खात्री नाही. नाटक वर्षानुवर्षं चालतं, नट बदलतात, आणि तबकडी मात्र एकाच्याच आवाजात बाजारात राहते. दौऱ्यावरच्या गावात पाहिलेल्या प्रयोगातला आवाज कधीच कुठल्या तबकडीवर उमटला नसेल, हे पूर्ण शक्य आहे.

काही गाणी तर नाटकातून निघून गेलेली असतात आणि त्यांचा पत्ता त्यांनाच आठवत नाही. ‘काटा रुते कुणाला’ हे आज भावगीतांच्या मैफलीत गायलं जातं. शान्ता शेळक्यांचे शब्द, अभिषेकींची चाल आणि त्यांचाच आवाज, एवढं सगळ्यांना माहीत. ते रणजित देसाईंच्या ‘हे बंध रेशमाचे’ या १९६८च्या नाटकातलं आहे, हे सांगितल्यावर अनेक जण भुवया उंचावतात. कुसुमाग्रजांची ‘सर्वात्मका’ ही प्रार्थना शाळांतून म्हटली जाते. तीही रंगभूमीवरची, ‘ययाति आणि देवयानी’ या १९६६च्या नाटकातली. अशा गाण्याबद्दल पत्र आलं तर शोध उलटा होतो. गाणं समोर असतं, सगळ्यांना येत असतं, आणि पत्रलेखक एकटाच म्हणत असतो की मी हे नाटकात ऐकलं. घरचे त्याला वेड्यात काढतात.

याच्या उलटही आहे. ‘कान्होपात्रा’ या १९३१च्या नाटकात बालगंधर्वांनी गायलेलं ‘जोहार मायबाप’ नाटककाराने लिहिलेलं नाही. ते चोखामेळ्याचं आहे, काही शतकं आधीचं. मास्टर कृष्णरावांनी त्याला चाल दिली आणि त्या चालीने ते नाटकाचं झालं. असं पद कोणी शोधत असेल तर शब्दांवरून तो गाथेत पोचतो, आणि गाथेत नाटकाचं नाव नसतं. शब्द एका घरचे, चाल दुसऱ्या घरची. शोधताना आपल्याला दोहोंपैकी काय हवंय, हे आधी ठरवावं लागतं.

आता आपल्या पत्राकडे एकदा वळतो. ते १९९०च्या दशकातलं धरलं होतं, आणि तसं धरण्यामागे कारण होतं. २०१५मध्ये सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला ‘कट्यार’ चित्रपट आला. त्यात नाटकातली पदं आहेत, ‘घेई छंद’ दोन्ही चालींत आहे, पण शंकर-एहसान-लॉय यांनी बांधलेली नवी गाणीही आहेत. ‘सूर निरागस हो’ हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं. आता समजा तेच पत्र आज आलं, आणि बाईंनी लिहिलं की त्या नाटकात गणपतीचं एक गाणं होतं, चौदाव्या वर्षी ऐकलेलं, अजून कानात आहे. बाई खोटं बोलत नसतील. नाटक खरं, प्रयोग खरा, आजी खरी. पण ते गाणं चित्रपटातून येऊन १९६७च्या प्रयोगात जाऊन बसलं आहे. कथा तीच, पात्रं तीच, त्यामुळे आठवणीला शिवण दिसत नाही. अशा वेळी एकच तपासणी करता येते: ही आठवण चित्रपट येण्याआधी कोणाला सांगितली होती का, कुठे लिहिली होती का? जुनं पत्र, जुनी डायरी, बहिणीशी झालेलं भांडण, काहीही. नसेल तर उत्तर देणाऱ्याने सौम्यपणे ‘ते गाणं चित्रपटातलं आहे’ इतकंच लिहावं.

कधी नाटकाचं पुनरुज्जीवन हेच काम करतं. जुनं नाटक नव्या संचात येतं, नवा संगीतकार काही पदांना नव्या चाली देतो, चारदोन पदं गाळतो. मग आई आणि मुलगी एकच नाटक पाहिल्याचं सांगतात आणि गाण्यावरून वाद घालतात. गावच्या उत्सवात, कोकणात आणि गोव्यात देवळासमोरच्या मांडवात पाहिलेल्या प्रयोगाबद्दल तर काहीच गृहीत धरू नये. तिथे हौशी नटाचा गळा चांगला असेल तर लोक फर्माईश करायचे, आणि तो दुसऱ्याच नाटकातलं गाजलेलं पद या नाटकात बिनदिक्कत गाऊन मोकळा व्हायचा. कथेला धक्का लागत नसे, कारण कथेची फिकीर कुणालाच नसे. अशा प्रयोगातलं गाणं ‘त्या’ नाटकाच्या पुस्तकात शोधून मिळणार नाही. पत्रात ‘आमच्या गावच्या जत्रेत’ असे शब्द दिसले की नाटकाचं नाव बाजूला ठेवून त्या काळात गाजत असलेल्या इतर नाटकांच्या पदांकडे वळावं.

काही पत्रांना उत्तर येत नाही. स्थानिक लेखकाचं नाटक, दोनतीन प्रयोग, पुस्तक छापलं नाही, रेकॉर्ड निघाली नाही, पदं पेटीवाल्याच्या वहीत राहिली आणि वही घर बदलताना गेली. अशा पत्रासाठीही जागा द्यावी असं मला वाटतं, कारण त्या प्रयोगाची छापील नोंद कदाचित तेवढीच असते. फक्त पत्र लिहिणाऱ्याने गावाचं नाव, मंडळाचं नाव, नाट्यगृह किंवा मांडव कुठे होता ते, आणि घरी परतताना कोण काय बोललं ते लिहावं. आपल्या पत्रातल्या बाईंनी गाण्याची ओळ चुकीची दिली, साल चुकीचं दिलं, आणि तरी त्यांना गाणं मिळालं, ते कोयनेच्या भूकंपामुळे आणि ‘ते हे नव्हे’ असं ठासून लिहिल्यामुळे.